सायलीच्या वहीतील स्वाक्षऱ्यांची पाने: दहावी ‘ब’, वाई, 1 फेब्रुवारी 2025

पहिले पान

ही वही सायलीची आहे. आज निरोप समारंभ आटोपल्यावर ती बाकाबाकावरून फिरेल आणि शेवटची घंटा होण्यापूर्वी माझ्या हातात परत येईल, अशी अपेक्षा आहे. निकालानंतर मी अकरावीसाठी लातूरला मामाकडे जाणार आहे, त्यामुळे ‘उद्या लिहितो’ ही सबब यंदा चालणार नाही. नुसते ‘हसत राहा, पुढे जात राहा’ एवढेच लिहिणाऱ्यास पान कोरे समजून परत दिले जाईल. कविता चालेल, मात्र ती स्वतःची असावी. भेटकार्डावरची नको.

— सायली, वर्गप्रमुख (अजून तरी)

ओंकार, शेवटचा बाक, खिडकीची बाजू

माननीय वर्गप्रमुख,

गेल्या तीन वर्षांत माझे नाव सर्वाधिक वेळा कोणी लिहिले असेल, तर ते तू. माझ्या आईनेही माझ्या वह्यांच्या कव्हरांवर ते इतक्या वेळा लिहिलेले नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, सुविचाराच्या बरोबर खाली, ‘बडबड करणारे’ असे शीर्षक आणि त्याखाली पहिला मी, हे दृश्य इतके नेहमीचे झाले होते की एकदा तापाने घरी असतानाही माझे नाव फळ्यावर होते, असे मला तन्मयने सांगितले. मी त्याबद्दल तक्रार केली नाही, कारण गैरहजर असूनही ज्याची दखल घेतली जाते असा विद्यार्थी शाळेत दुसरा नव्हता.

पण गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट लिहितो. नववीत विज्ञानाचा तास मोकळा होता, सर मुख्याध्यापकांकडे गेले होते आणि वर्गात अक्षरशः बाजार भरला होता. त्या दिवशी तू आणि श्रुती कशावरून तरी इतक्या हसलात की आवाज कार्यालयापर्यंत गेला. सर आले तेव्हा फळ्यावर माझे, समीरचे, प्रणवचे नाव होते आणि त्याखाली त्याच खडूने, त्याच अक्षरात ‘सायली’ लिहिलेले होते. सरांनी तुलाही आमच्याबरोबर उभे केले. आम्ही तिघे भिंतीला टेकून उभे होतो आणि तू मात्र ताठ उभी होतीस. शिक्षेतसुद्धा शिस्त! त्या दिवसापासून मी तुझ्या यादीला हरकत घेणे बंद केले. बडबड बंद केली नाही, कारण तसे आश्वासन मी कधी दिलेलेच नव्हते.

लातूरला जाऊन खूप अभ्यास कर. तिथल्या वर्गात बडबड करणारे निघालेच, तर त्यांना सांग की अस्सल नमुना वाईला आहे.

श्रुती, तुझ्या शेजारची

सायले,

तुझ्या शेजारी बसून मला तुझ्याच वहीत लिहायचे आहे आणि तू डोकावून पाहते आहेस. कृपया तोंड तिकडे कर.

सहावीचे वर्ष आपण कोणीच शाळेत पाहिले नाही. आमच्या घरी तेव्हा एकच मोबाईल होता आणि तो बाबांबरोबर शेतावर जायचा, त्यामुळे ऑनलाइन तास म्हणजे काय हे मी कितीतरी दिवस फक्त ऐकूनच होते. तू ते कोणालाही न सांगता ओळखलेस. दर शनिवारी आमच्या बावधनहून वाईला दूध घालायला येणाऱ्या काकांच्या हाती तू आठवड्याच्या वह्या पाठवायचीस, मी त्या रविवारी उतरवून घ्यायची आणि सोमवारी त्या परत जायच्या. त्या वह्यांना कधीकधी दुधाचा वास यायचा. विज्ञानाच्या एका वहीत तू समासात लिहिले होतेस, ‘हे मलाही कळलेले नाही, कळले की पुढच्या शनिवारी लिहीन,’ आणि पुढच्या शनिवारी खरोखरच अर्धे पान भरून उत्तर आले होते. शिक्षकांनी मला पुष्कळ शिकवले, पण त्या वर्षी माझी शाळा तू होतीस, हे मी आज शाईच्या पेनाने लिहून ठेवते आहे, म्हणजे ते खोडता येणार नाही.

आता थोडे तुझ्या दोषांविषयी. तू डब्यातील लोणचे आधी संपवतेस आणि नंतर माझ्याकडे बघतेस. तुझ्या कंपासपेटीत कर्कटक सोडून सर्व काही असते. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली नाही की तू पूर्ण प्रवासभर गप्प बसतेस, आणि सहलीत हे सर्वांनी पाहिले आहे.

शेवटचा भूगोलाचा पेपर 17 मार्चला आहे आणि रंगपंचमी 19 ला. म्हणजे यंदा भैरवनाथाचे बगाड पाहायला न येण्याचे कोणतेही कारण तुझ्याकडे उरत नाही. आईने तुझ्यासाठी पुरणपोळ्यांचा वेगळा डबा आत्ताच ठरवून ठेवला आहे. लातूर दूर असेल, बावधन नाही.

आदित्य, पहिला बाक

पक्ष: सायली आणि आदित्य हे एकाच वर्गातील दोन विद्यार्थी असून पाचवीपासून प्रत्येक चाचणीत त्यांच्या गुणांतील फरक अत्यल्प आहे.

साध्य: दोघांपैकी अधिक हुशार कोण, हे ठरवणे.

सिद्धता: बीजगणितात सायली पुढे असते आणि भूमितीत आदित्य पुढे असतो. मराठीच्या निबंधात सायली पुरवणी मागते, तर आदित्य मुद्दे संपले म्हणून खिडकीबाहेर पाहतो. परंतु सहामाहीच्या आदल्या दिवशी आदित्यला वर्तुळाच्या धड्यातील एक प्रमेय सुटत नव्हते, हे कळल्यावर सायलीने आपला अभ्यास थांबवून ते त्याला फोनवर समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नेमके तेच प्रमेय आले. त्या पेपरात आदित्यला सायलीपेक्षा एक गुण जास्त मिळाला. सायलीने अभिनंदन केले आणि तो एक गुण तिचाच होता, हे आजतागायत एकदाही बोलून दाखवले नाही. म्हणून अधिक हुशार कोण हा प्रश्न बाजूला राहिला आणि अधिक मोठ्या मनाचे कोण, एवढेच सिद्ध झाले.

बोर्डाच्या परीक्षेत मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. तूही देऊ नकोस.

फरहान

या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मी मेणवलीचा घाट काढला आहे, कारण चित्रकलेच्या सरांबरोबर आपण तिथे निसर्गचित्र काढायला गेलो होतो तेव्हा तू काढलेला घाट पाहून सरांनी ‘ही पायरी आहे की फणी?’ असे विचारले होते. हे दुरुस्त केलेले चित्र तुझ्या संग्रही असावे. इंटरमिजिएटला मला ‘अ’ श्रेणी मिळाली आणि तिचे 7 वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातील. पण त्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत आल्याचे तूच तीनदा आठवण करून सांगितले होतेस, नाहीतर मी रंग विकत घेऊन घरीच बसलो असतो. त्यामुळे चित्र माझे आहे आणि गुणांतला थोडा वाटा तुझा.

प्रणव

मी थोडक्यात लिहितो. प्रतापगडाच्या सहलीत पसरणीच्या घाटात माझे जे झाले, ते मागच्या तीन बाकांवरच्या सर्वांनी पाहिले. त्यातल्या काहींनी ते अजून विसरलेले नाही. तू तुझी आवळासुपारीची पुडी दिलीस, तुझ्या बाटलीतले पाणी दिलेस आणि ‘अफजलखान तरी गडाच्या पायथ्यापर्यंत धडधाकट आला होता’ असे म्हणालीस. मला हसू आले आणि हसल्यामुळे पुन्हा उलटी झाली. तरीही मनापासून आभार. लातूरच्या वाटेवर घाट लागले, तर पुडी जवळ ठेव.

वैष्णवी

प्रिय सायली,

आठवीत सव्वीस जानेवारीच्या लेझीम पथकात पुढच्या रांगेत कोण, यावरून आपण दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हतो. निवड माझी झाली आणि तू माझ्या बरोबर मागे होतीस. ध्वजवंदनानंतर पथक सुरू झाले आणि दुसऱ्याच पवित्र्याला माझ्या लेझमीची साखळी एका टोकाला सुटली. पाहुणे समोर, ताशा चालू, आणि माझ्या हातात नुसती दांडी. पवित्रा बदलताना आपण पाठमोऱ्या झालो, तेव्हा काही न बोलता तू तुझी लेझीम माझ्या हातात दिलीस आणि माझी मोडकी घेतलीस. उरलेला सगळा वेळ तू त्या न वाजणाऱ्या लेझमीवर एकही ठोका न चुकवता नाचलीस. नंतर मी आभार मानायला आले, तर तू म्हणालीस, ‘मी तुझ्याशी बोलत नाही.’

सोमवारी बोललीस. पण त्या ‘मी तुझ्याशी बोलत नाही’ इतके प्रेमाने माझ्याशी नंतर कोणी बोललेले मला आठवत नाही. लातूरला गेल्यावरही अधूनमधून असेच न बोलण्यासाठी फोन कर.

समीर

अट वाचली. कविता स्वतःचीच आहे, त्यामुळे दर्जाबद्दल कोणीही विचारू नये.

फळ्यावरती नाव आमचे, खडू तुझ्या गं हाती,
भारत आणि ब्राझीलसुद्धा विसरू परीक्षेराती;
पुसला जाईल फळा उद्याला, पुसली जाईल यादी,
यादीमधली पोरे सारी तुझीच राहतील साथी.

‘परीक्षेराती’ असा शब्द मराठीत नाही, हे मला ठाऊक आहे. यमकासाठी केला आहे. भूगोलाच्या पेपरात भारत आणि ब्राझील यांच्यातील फरक विचारला आणि मला सुचला नाही, तर मी हीच चार ओळींची कविता लिहून येणार आहे.

तन्मय, वहीच्या मागील पुठ्ठ्याच्या आतील बाजूस

सर्व पाने भरल्यामुळे मला ही जागा मिळाली आहे, आणि वर्गातही मला नेहमी दाराजवळचीच जागा मिळत असे, तेव्हा तक्रार नाही. ओंकार गैरहजर असताना त्याचे नाव फळ्यावर मी लिहिले होते, सायलीने नव्हे. हे आज लेखी नोंदवतो, म्हणजे तिच्या कारकिर्दीवर डाग राहायला नको. ती वर्गप्रमुख म्हणून कडक होती, पण ज्याने बडबड केली नाही त्याचे नाव तिने कधी लिहिले नाही आणि ज्याने केली त्याचे कधी गाळले नाही. मला त्याचा राग यायचा. आता पुढच्या वर्षी वर्गप्रमुख कोण असेल याची मला खरी काळजी वाटते.

ता. क.: तुझा कर्कटक माझ्याकडे आहे. भूमितीचा पेपर 7 मार्चला आहे, त्याच्या आत आणून देतो.