केळी विम्याची बातमी: यंत्राने काढलेला सारांश कुठे वापरला आहे

आदरणीय सर,

रविवारच्या पानासाठी केळीच्या फळपीक विम्याची बातमी सोबत पाठवली आहे. संपादनाला घेण्याआधी ही टीप वाचावी, ही विनंती. बातमीच्या तयारीत मी दोन ठिकाणी एआयवर चालणाऱ्या साधनाकडून सारांश काढून घेतला आहे. तो कुठे वापरला, त्यावर पुढे काय तपासलं आणि कुठे मुद्दाम टाळला, हे डेस्कला ठाऊक असायला हवं. अंक निघाल्यावर विमा कंपनीचा फोन येईल, शेतकऱ्यांचेही येतील, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

पहिली जागा म्हणजे परिच्छेद 4 आणि 5. योजनेचा शासन निर्णय आणि त्याची परिशिष्टं लांबलचक आहेत, डाळिंब, संत्रा, मोसंबी, आंबा सगळं त्यात आहे. केळीचा भाग नेमका कुठे कुठे विखुरला आहे हे शोधायला मी सारांश काढून घेतला. त्यात थंडीच्या निकषाबद्दल असं आलं होतं की किमान तापमान 8 अंश किंवा त्याखाली गेलं की भरपाई लागू होते. मूळ परिशिष्टात अट आहे ती सलग तीन दिवसांची. सारांशातून ही अटच गळाली होती. आपली अख्खी बातमी याच अटीवर उभी आहे, सर. दोन रात्री पारा खाली गेला, तिसऱ्या रात्री थोडा वर राहिला, चौथ्या रात्री पुन्हा खाली आला, की शेतकऱ्याच्या बागेत चरका पडलेला असतो आणि कागदावर मात्र काहीच घडलेलं नसतं. सारांश तसाच छापला असता तर रावेर-यावल पट्ट्यातल्या शेकडो घरांत उगाच आशा लागली असती आणि लोक कृषी कार्यालयात भांडायला गेले असते. म्हणून या दोन परिच्छेदांतलं प्रत्येक वाक्य मी मूळ मजकुराशी ताडून स्वतः लिहिलं आहे. परिशिष्टाच्या संबंधित पानांवर खुणा करून ती सोबत जोडली आहेत.

दुसरी जागा परिच्छेद 8 ते 10. तालुक्याला विमा तक्रारींची बैठक झाली, तिचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. बैठक लांबली होती, एकाच वेळी चार-चार जण बोलत होते. आधी त्याचं आपोआप लेखी रूप काढलं आणि मग त्यावरून सारांश. इथे जास्त सांभाळावं लागलं, कारण आपली माणसं प्रमाण भाषेत गाऱ्हाणं मांडत नाहीत. लेवा बोलीतली वाक्यं यंत्राला अर्धी कळली, अहिराणी तर जवळजवळ नाहीच. एक शेतकरी कांदेबागेच्या नुकसानीबद्दल बोलत होते. सारांशात ते कांद्याच्या पिकाचं नुकसान म्हणून आलं! कांदेबाग म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास लावलेली केळी, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या डेस्कवर हा सारांश गेला असता तर कदाचित तसाच पुढे सरकला असता. मृगबाग, नवती, पिलबाग हे शब्द जिथे जिथे आले, तिथे तिथे मूळ आवाज ऐकूनच मी ते बातमीत घेतले आहेत.

त्याहून गंभीर गोष्ट परिच्छेद 9 मधली. अधिकारी म्हणाले होते, "प्रस्ताव वर पाठवलेला आहे." त्याआधी एका शेतकऱ्याने विचारलं होतं, भरपाई देणार का? सारांशाने प्रश्न आणि उत्तर एकत्र करून लिहिलं की अधिकाऱ्यांनी भरपाई देण्याचं मान्य केलं. असं त्यांनी कुठेही मान्य केलेलं नाही. बातमीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात आहे आणि ध्वनिमुद्रणातली ती जागा मी तुम्हाला वेगळी काढून पाठवतो आहे. कृपया शीर्षक देताना 'मान्य', 'आश्वासन', 'मिळणार' असले शब्द टाळावेत. आपल्या भागात विम्याच्या शीर्षकाचं कात्रण गावच्या ग्रुपवर फिरतं आणि लोक त्यावर हिशेब मांडतात.

परिच्छेद 10 बद्दल तुमचा निर्णय हवा आहे. हवामान केंद्र गावापासून लांब आणि उंच जागी असल्याची तक्रार एका ज्येष्ठ शेतकऱ्याने केली, असं सारांश सांगतो. ध्वनिमुद्रणात त्या वेळी पंख्याचा आणि खुर्च्यांचा इतका आवाज आहे की मला वाक्य स्पष्ट ऐकू येत नाही. ते गृहस्थ कोण, हेही अजून कळलेलं नाही. माझं मत, परिच्छेद गाळावा. मुद्दा मोलाचा आहे, कारण भरपाई ठरते ती मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर, शेतात काय झालं त्यावर नाही. पण मुद्दा मोलाचा आहे म्हणूनच तो कोणाच्या तरी तोंडून पक्का यायला हवा. ते गृहस्थ भेटले तर पुढच्या बातमीत घेऊ.

बाकी बातमीत यंत्राचा हात नाही. केंद्राच्या रोजच्या तापमानाच्या नोंदी मी स्वतः ओळीने वाचल्या, सलग दिवस कागदावर मोजले आणि कृषी विभागातल्या माणसाकडून पडताळून घेतले. आकड्यांच्या तक्त्याचा सारांश मी काढू दिला नाही आणि यापुढेही देणार नाही. कंपनीचं लेखी उत्तरही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मीच वाचलं. ज्यांच्यावर आपण बोट ठेवतो, त्यांची बाजू गाळणीतून घेणं मला न्यायाचं वाटत नाही. शेतांवरच्या मुलाखती, बागेचं वर्णन, घडांची अवस्था हे सगळं माझ्या वहीतून आलं आहे.

आणखी एक. शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेले सातबारा, आधारच्या प्रती, बँकेची पासबुकं, पीक कर्जाचे कागद यातलं एकही पान मी कुठल्याही साधनात चढवलेलं नाही. परिच्छेद 7 मधल्या ताईंनी कर्जाबद्दल जे सांगितलं, ते नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलं आहे. डेस्कवर कोणी बातमी छोटी करायला ती अशाच एखाद्या साधनात टाकणार असेल, तर निदान तो परिच्छेद आधी काढून ठेवावा, ही कळकळीची विनंती. शब्द कमी करायचे असतील तर मला कळवा, मी स्वतः कापून देतो.

वाचकांसाठी बातमीखाली चौकटीत पुढचा मजकूर द्यावा, असं सुचवतो:

"या बातमीसाठी शासन निर्णय आणि तालुक्याच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण यांचा प्राथमिक सारांश एआय साधनाने काढला होता. बातमीतले निकष मूळ शासन निर्णयाशी आणि सर्व अवतरणं मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली आहेत. तापमानाचे आकडे, मुलाखती आणि विमा कंपनीची बाजू यांसाठी असं साधन वापरलेलं नाही."

ही चौकट छापील अंकात जागेअभावी गाळू नये. जाहिरात आली तर बागेचा दुसरा फोटो काढा, चौकट राहू द्या. वेबसाइटवरही ती बातमीच्या खालीच हवी, वेगळ्या पानावर नको. परिच्छेद 10 गाळला तर चौकटीत काही बदल लागणार नाही. ठेवायचा ठरला तर 'सर्व अवतरणं' हे शब्द खरे राहणार नाहीत, तेव्हा त्यांत बदल करावा लागेल.

सारांशाच्या दोन्ही मूळ प्रती, ध्वनिमुद्रण आणि खुणा केलेली पानं कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहेत. परिच्छेद 10 चं काय करायचं ते शुक्रवारी दुपारपर्यंत कळवलंत, तर पान लावणाऱ्यांना वेळेत अंतिम प्रत देता येईल. उद्या सकाळी मी सावदा-फैजपूरकडे असेन, तिकडे रेंज जाते-येते. फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेवावा.

आपला,
रावेर तालुका प्रतिनिधी