देणगी पावती आणि ८०जी प्रमाणपत्राबाबत भाविकांना निवेदन

सर्व भाविकांना सप्रेम नमस्कार.

येत्या घटस्थापनेपासून, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ पासून, आपल्या पंचवटीतील देवस्थानात हाताने लिहिलेली कार्बनची पावती बंद होत आहे. यापुढे देणगीची पावती संगणकावर निघेल आणि तिची प्रत तुमच्या मोबाईलवरही येईल.

हा बदल का केला, ते आधी सांगतो. जुन्या पावतीपुस्तकात "पाटील, सिडको, ५००१" एवढीच नोंद असायची. मे महिन्यात आयकर खात्याकडे देणगीदारांचे विवरण भरायला बसलो की हे पाटील नेमके कोणते, याचा शोध सुरू व्हायचा. सिडकोत पाटील काय कमी आहेत? ज्यांनी श्रद्धेने पैसे दिले त्यांचेच प्रमाणपत्र अडकावे, हे आम्हाला फार लागत होते.

खिडकीवर आता दोन प्रकारच्या पावत्या मिळतील. अभिषेक, महापूजा, ओटी, नैवेद्य यांची पावती पांढरी. ती सेवेची दक्षिणा आहे, तिच्यावर करसवलत नाही. अन्नछत्र, मोफत दवाखाना आणि विद्यार्थी वसतिगृह चालवणारा आपला सेवानिधी हा वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट आहे आणि ८०जीची मान्यता त्यालाच आहे. त्याची पावती पिवळी. करसवलत हवी असेल तर पैसे देण्याआधीच "सेवानिधीची पिवळी पावती" असे सांगा. पांढरी पावती नंतर पिवळी करून मिळणार नाही. कृपया तसा आग्रह धरू नका, खिडकीवरच्या मुलांची पंचाईत होते.

पिवळ्या पावतीसाठी पॅन, पॅनवर आहे तसेच पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक लागेल. पावती छापण्याआधी समोरच्या पडद्यावर तुमची माहिती दिसेल. पॅनची दहाही अक्षरे एकेक करून वाचा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत तिथेच सापडते. आईवडिलांच्या स्मरणार्थ देणगी असेल तर त्यांचे नाव "स्मरणार्थ" या रकान्यात छापू, पण देणगीदार म्हणून ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याचेच नाव राहील. मुलाने पैसे भरायचे आणि पावती वडिलांच्या पॅनवर घ्यायची, असे करू नका.

रोख रकमेबाबत नियम कडक आहे. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर तिच्यावर सवलत मिळत नाही. मोठी रक्कम चेकने, यूपीआयने किंवा बँकेतून द्या. एकाच रकमेच्या दोन-दोन हजारांच्या पावत्या पाडून मिळणार नाहीत. निफाड-दिंडोरीकडून अन्नछत्रासाठी येणारे तांदूळ, कांदे, द्राक्षे यांचे मोल आम्हाला पैशापेक्षा कमी नाही आणि त्यांची पोचही देऊ. पण वस्तुरूप दानाला ८०जी लागू होत नाही. दानपेटीतल्या रकमेचीही पावती निघत नाही.

आता प्रमाणपत्राविषयी. पिवळी पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आर्थिक वर्ष संपल्यावर ट्रस्ट सर्व देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला देतो. त्यानंतर खात्याच्या पोर्टलवरून प्रत्येक देणगीदाराचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीई, निघते. २०२४-२५ च्या देणग्यांसाठी या दोन्हींची मुदत ३१ मे २०२५ आहे. प्रमाणपत्र तुमच्या मोबाईलवर पाठवू, छापील प्रत हवी असल्यास खिडकीवर मिळेल. रिटर्न भरताना त्यावरचा एआरएन क्रमांक लागतो, म्हणून नुसती पावती घेऊन सीएकडे जाऊ नका. नाव किंवा रक्कम चुकली असेल तर लगेच कळवा, दुरुस्तीचे विवरण भरता येते.

एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या काळात जुन्या पुस्तकातून सेवानिधीची पावती घेतलेल्यांनी ती पावती आणि पॅन घेऊन ३१ मार्चपूर्वी एकदा यावे. नोंद पूर्ण करून घेऊ. मे महिन्याची वाट पाहू नका.

सवलत किती, हेही अनेकजण विचारतात. दिलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. दहा हजार दिले तर पाच हजार उत्पन्नातून कमी होतील, करातून नव्हे. त्यालाही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळतच नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे आधी पाहून घ्यावे.

पॅन फक्त खिडकीवर सांगा. देवस्थानातून कोणीही फोन करून ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागत नाही. क्यूआर कोड फक्त खिडकीच्या काचेवरचाच वापरा. रामकुंडावर किंवा रांगेत कोणी वेगळा कोड दाखवला तर पैसे देऊ नका आणि आम्हाला येऊन सांगा.

ज्यांना करसवलत नको, त्यांना पॅन देण्याची सक्ती नाही. दहा रुपये दिले तरी पावती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

नवरात्रात गर्दी असल्याने पिवळ्या पावतीसाठी खिडकी क्रमांक २ वेगळी ठेवली आहे. वेळ सकाळी ८ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९. ज्येष्ठांना तिथे बसायला खुर्च्या आहेत, फॉर्म भरून द्यायला आमचे सेवेकरीही आहेत.

आपले,
विश्वस्त मंडळ, पंचवटी, नाशिक