शनिवारच्या जेवणाचे वेळापत्रक : पाने बरोबर 8.30 ला

सहा माणसे, ओव्हनमध्ये भाजलेली एक अख्खी कोंबडी (साफ केल्यावर सुमारे दीड किलो), बासमतीचा मोकळा भात आणि तुरीच्या डाळीचे फोडणीचे वरण, एवढाच बेत आहे. हाताशी एक ओटीजी, दोन बर्नरची शेगडी आणि एकच कुकर आहे. कुकर वरणात अडकणार असल्यामुळे भात पातेल्यात करायचा आहे. कोंबडी नेमकी कधी भाजून होईल हे आपल्या हाती नसते. वरण कितीही वेळ थांबते, भात मात्र वाफ मुरल्यावर पंधरा-वीस मिनिटांपलीकडे चांगला राहत नाही. म्हणून एक नियम काटेकोरपणे पाळावा : कोंबडी ओव्हनबाहेर येईपर्यंत भात शेगडीवर चढवू नये.

शुक्रवारी रात्री कोंबडीला दही, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि लिंबाचा रस चोळून ती झाकून फ्रिजमध्ये ठेवावी.

5.45 : कोंबडी फ्रिजमधून काढावी आणि वरचे जास्तीचे दही बोटांनी निपटून टाकावे, कारण दह्याचा जाड थर आतले मांस शिजण्याआधीच करपतो. ती ओट्यावर पाऊण तासाहून अधिक ठेवू नये.

6.15 : ओटीजी 200 अंशांवर तापत ठेवावा. खालच्या ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या पसराव्यात आणि पाव वाटी पाणी घालावे, म्हणजे गळणारा रस जळणार नाही.

6.30 : कोंबडी छाती वर करून आत ठेवावी. यानंतर पाऊण तास दार उघडू नये. पाहुणे आले की कोणीतरी कौतुकाने उघडून पाहतोच, पण दरवेळी आतली उष्णता निघून जाते आणि वेळ लांबतो. मध्येच लाइट गेली, तर कोंबडीचे तुकडे करून ते झाकणाच्या कढईत मंद आचेवर शिजवून घ्यावेत. दिसायला ते रोस्ट राहणार नाही, पण जेवण वेळेवर होईल.

6.50 : दीड वाटी तूरडाळ धुऊन भिजत घालावी.

7.15 : कोंबडीवर ट्रेमधला रस चमच्याने सोडावा आणि छातीचा भाग जास्त तांबूस दिसत असल्यास त्यावर फॉइल टाकावा. लगेच साडेचार वाट्या पाणी, हळद, हिंग आणि थोडे तेल घालून डाळ कुकरला लावावी. टोमॅटो आणि आमसूल आत्ता घालू नये. आंबटपणामुळे डाळ शिजायला वेळ लागतो.

7.25 : तीन वाट्या बासमती दोन-तीन पाण्यांतून धुऊन भिजवावा. चार शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

7.55 : हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटर खुपसून पाहावा; 74 अंश किंवा अधिक दिसले तर कोंबडी बाहेर काढून फॉइलखाली सैल झाकून ठेवावी. तेवढे नसल्यास ती पुन्हा दहा मिनिटे आत ठेवावी आणि पुढच्या सगळ्या वेळा तितक्याच पुढे ढकलाव्यात, तोवर पाहुण्यांना सोलकढी द्यावी. कोंबडी बाहेर येताच निथळलेला तांदूळ पाच वाट्या उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून मोठ्या आचेवर चढवावा. पाणी तांदळाच्या पातळीला आले की झाकण लावून आच अगदी मंद करावी.

8.00 : कुकर उघडून डाळ घोटावी आणि टोमॅटो, आमसूल, मीठ, गूळ घालून दुसऱ्या बर्नरवर बारीक उकळी येऊ द्यावी.

8.13 : भाताखालची आच बंद करावी आणि झाकण उघडू नये. मोकळ्या झालेल्या त्या बर्नरवर ट्रेमधला रस गाळून आटवायला ठेवावा. हा रस वरणात घालण्याचा मोह टाळावा : काकू मांस खात नाहीत, त्यामुळे वरण आणि भात यांचे चमचेही वेगळे ठेवायचे आहेत. वीस-पंचवीस मिनिटे निवांत मुरलेल्या कोंबडीतला रस मांसात जिरतो, म्हणून ती घाईने कापू नये.

8.20 : वरण उतरवावे. त्या बर्नरवर फोडणीच्या कढल्यात तूप, मोहरी, जिरे, लसूण, कढीपत्ता आणि लाल मिरची तडतडवून वरणावर ओतावी आणि लगेच झाकावे. दरम्यान कोणाला तरी कोंबडी कापायला बसवावे. मांड्या आधी सोडवाव्यात, छाती शेवटी आडवी कापावी.

8.26 : भात काट्याने हलकेच मोकळा करावा.

8.30 : पाने वाढावीत, पहिले काकूंचे.