बेट जीवभूगोल आणि प्रजाती-क्षेत्र संबंध : एम.एस्सी. प्रगत संवर्धन जीवशास्त्र पेपरसाठी टिपण

मागच्या चाचणीत निम्म्याहून अधिक उत्तरांत एकच वाक्य होतं : 'बेट मोठं तर प्रजाती जास्त.' हे तर यावलचा केळी-बागायतदारही सांगेल. ते का होतं आणि कुठे फसतं, त्यालाच या पेपरात गुण आहेत.

मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६३ साली मांडलेली आणि १९६७ च्या पुस्तकात विस्तारलेली कल्पना अशी : बेटावरच्या प्रजातींची संख्या म्हणजे नव्या येणाऱ्या आणि बेटावरून विलोप पावणाऱ्या यांच्यातला चालता समतोल. बेट मुख्य भूमीपासून दूर असेल तर आगमन मंद होतं; लहान असेल तर प्रत्येक प्रजातीची संख्या कमी राहते, म्हणून विलोप वाढतो. संख्या स्थिर दिसली तरी यादी बदलत राहते, हा उलाढालीचा मुद्दा उत्तरातून हमखास गळतो. सिंबरलॉफ आणि विल्सन यांनी फ्लोरिडाची तिवरांची लहान बेटं मिथाइल ब्रोमाइडची धुरी देऊन कीटकमुक्त केली. साधारण वर्षभरात बहुतेक बेटांवर प्रजातींची संख्या पूर्वीच्या आसपास आली, पण त्या प्रजाती बऱ्याच वेगळ्या होत्या. १९६९ चा हा शोधनिबंध मुळातून वाचा, माझ्या टिपणावर विसंबू नका.

आता सूत्र :

```
S = c A^z
log S = log c + z log A
```

S म्हणजे प्रजातींची संख्या, A क्षेत्रफळ, c स्थिरांक. लॉग-लॉग आलेखावर z हा रेषेचा उतार. हेक्टरऐवजी चौरस किलोमीटर घेतले तर c बदलतो, z बदलत नाही. म्हणून दोन अभ्यासांचे c नुसते शेजारी ठेवून तुलना करू नका. खऱ्या बेटांच्या समूहात z साधारण ०.२० ते ०.३५ येतो, सलग भूमीच्या तुकड्यांत ०.१२ ते ०.१८. कारण सलग भूमीवर शेजारून जीव येत राहतात, लहान तुकड्यातही पाहुण्यांची नोंद होते आणि उतार सपाट पडतो.

हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब करून बघा. जंगल ९० टक्के गेलं, १० टक्के उरलं. z = ०.२५ धरला तर ०.१ चा ०.२५ वा घात ०.५६, म्हणजे सुमारे ४४ टक्के प्रजाती जाणार. z = ०.१५ धरला तर २९ टक्के. जंगल तेच, फक्त आपण त्याला बेट म्हटलं की नाही, एवढ्यावर आकडा दीडपट होतो.

आता आपल्या पट्ट्यात या. यावल अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटर, अनेर धरण अभयारण्य सुमारे ८३. z = ०.२५ ने यावलमध्ये अनेरच्या सुमारे १.२ पट प्रजाती हव्यात. गणित बरोबर, मांडणी चूक. अनेरमध्ये धरणाचं पाणी आहे, त्यामुळे दोन्हीकडे c सारखा धरायला आधार नाही. शिवाय यावलच्या उत्तरेला मध्य प्रदेशाचा सातपुडा लागून आहे, ते बेट कसलं? उलट तापीखोऱ्यात उतरलात की एखादी उरलेली टेकडी, चहूबाजूंनी कपाशी आणि केळी. सागाच्या झाडावरच्या पक्ष्याला कपाशीचं वावर समुद्रासारखं असेल. साळिंदराला ते जेवणाचं ताट आहे. मधली जमीन प्रत्येक प्रजातीला वेगळी दिसते, हे मूळ सिद्धांतात नाही. ब्राउन आणि कोड्रिक-ब्राउन यांनी १९७७ मध्ये दाखवलेला बचाव-परिणाम, म्हणजे शेजारून आलेल्या जीवांमुळे घटती संख्या सावरणं, इथे आठवा.

रानपिंगळा हे आपलं घरचं उदाहरण. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता (१९१४ चा म्हणून सांगितला जाणारा चोरीचा आणि बनावट नोंदीचा निघाला), आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नोंद नसणं म्हणजे विलोप नव्हे. पण त्यावरून 'म्हणजे तुकडे झाले तरी चालतं' असा निष्कर्ष काढणाऱ्याचे मी गुण कापणार आहे. तुकडे झाल्यावर प्रजाती लगेच जात नाहीत. हे विलोपाचं कर्ज फेडायला पिढ्या लागू शकतात.

दुसरी बाजूही लिहा. फांगलियांग ही आणि स्टीफन हबेल यांनी २०११ मध्ये दाखवलं की हे सूत्र उलटं वापरून काढलेला विलोप जास्त येतो. एखादी प्रजाती पहिल्यांदा सापडायला जेवढं क्षेत्र पुरतं, तिचा शेवटचा जीव नाहीसा व्हायला साधारणपणे त्याहून मोठं क्षेत्र जावं लागतं. सूत्र वर चढताना जसं चालतं तसं खाली उतरताना चालत नाही.

एक मोठं राखीव क्षेत्र की अनेक लहान, हा १९७० च्या दशकातला वाद परीक्षेत येतोच. डायमंड यांनी १९७५ मध्ये मोठ्याची बाजू घेतली. सिंबरलॉफ आणि एबल यांनी १९७६ मध्ये म्हटलं की सिद्धांतातून तसं काही निघत नाही. लहान तुकड्यांत वेगवेगळ्या प्रजाती असतील तर त्यांची बेरीज मोठ्यापेक्षा जास्त होऊ शकते. माझं मत विचाराल तर बिबट्यासाठी मोठं, गवताळ माळावरच्या वनस्पतींसाठी अनेक लहान.

पुढच्या तासाला आपल्या पट्ट्यातल्या पाच टेकड्यांची क्षेत्रफळं नकाशावरून काढून आणा, आणि प्रत्येकीभोवतीचं पीक कोणतं हेही लिहून आणा. z नंतर काढू.