रस्त्यालगतच्या मोडकळीस आलेल्या चाळीचे पाडकाम : कार्यपद्धती, प्रवेशबंद क्षेत्र आणि धूळनियंत्रण

काम : गिरगावातील तळमजला अधिक तीन मजली उपकरप्राप्त चाळ हाताने, वरून खाली पाडणे.
सादर : महापालिकेचे विभाग कार्यालय आणि वाहतूक पोलीस चौकी यांना.

१. इमारतीची आजची स्थिती

सागाचे खांब व तुळया, त्यांमध्ये चुन्यातील विटांच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले, अशी ही बांधणी आहे. मागच्या अंगाला नंतर जोडलेल्या शौचालयाच्या मनोऱ्याचे लोखंडी गर्डर गंजून गेले होते. जुलैच्या पावसात त्या मनोऱ्याचा कोपरा तिसऱ्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत खाली आला आणि त्याने दोन तुळया सोबत ओढल्या. रहिवासी बाहेर पडले असून महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ खालील नोटीस दर्शनी दारावर लावलेली आहे.

पडलेला भाग मागे असला तरी खरा धोका पुढे आहे. १८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच दर्शनी भिंत तिसऱ्या मजल्याच्या पातळीला ओळंब्यापासून ७० मिलिमीटर रस्त्याकडे झुकली आहे. तिला आत धरून ठेवणारे दुसरे काहीही नाही. भिंतीत घुसलेली तुळयांची टोके हाच तिचा एकमेव आधार आहे. लाकूड विकले जाते म्हणून तुळया आधी काढून घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. या कामात ती सक्त मना आहे. त्या त्या मजल्याची दर्शनी भिंत खाली आल्याशिवाय तिला टेकलेली एकही तुळई कापायची नाही, आणि पुढील संपूर्ण क्रम याच एका नियमावर उभा आहे.

२. पूर्वतयारी

बेस्टचा वीजपुरवठा, महानगर गॅसची जोडणी आणि पालिकेचे पाणी हद्दीबाहेरून तोडल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय आत कोणीही हत्यार घेऊन जाणार नाही. मिठाईच्या गाळ्यातील चार सिलिंडर आणि पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी पहिल्याच दिवशी हलवली जाईल. मागच्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असल्याचे गृहीत धरून ते ओले करून, न फोडता, खिळे कापून उतरवले जातील आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवले जातील.

दर्शनी भिंतीला दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर आडवे लोखंडी चॅनेल बाहेरून लावून ते खिडक्यांमधून तारदोर व टर्नबकलने आतल्या शाबूत खांबांना बांधले जातील. टर्नबकल हाताने घट्ट होतील तेवढेच आवळायचे; भिंत मागे ओढून सरळ करण्याचा मोह कोणी धरू नये. पदपथावर तिरके टेकू उभारताना त्यांचे पाय गटाराच्या झाकणांवर येऊ द्यायचे नाहीत. पूर्वेकडील शेजारच्या इमारतीशी भिंत सामाईक असल्याने तिच्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून रोज सकाळी कामाआधी तपासल्या जातील. पट्टी तडकलेली दिसली की काम थांबेल आणि अभियंता येईपर्यंत थांबलेलेच राहील.

३. पाडकामाचा क्रम

काम भारतीय मानक ४१३० मधील तत्त्वानुसार मजल्यामागून मजला असे होईल. सुरुवात छपरापासून : कौले हातोहात आतल्या बाजूने खाली, मग रीपा आणि शेवटी कैच्या. त्यानंतर मागच्या लोंबत्या मनोऱ्याला खालून लोखंडी टेकू देऊन त्याचा स्लॅब लहान तुकड्यांत तोडला जाईल. तेथे ब्रेकर वापरायचा नाही, कारण त्याचा हादरा थेट पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचतो.

मग तिसरा मजला. आतल्या आडभिंती आधी निघतील. दर्शनी भिंत परांचीवरून, छिन्नी-हातोडा आणि लहान पहारीने, एका वेळी दोनच थर अशी पूर्ण लांबीत समान पातळीने उतरवायची आणि विटा आतच टाकायच्या. एका टोकाला खाच पाडून भिंत ढकलून देण्यास परवानगी नाही. भिंत मजल्याच्या फळ्यांपर्यंत आली की तुळया दोरखंड व चेन ब्लॉकने धरून, कापून खाली सोडायच्या. परांची स्वतंत्र उभी राहील आणि तिला भिंतीचा आधार नसेल. विटांचा ढीग कोणत्याही तळावर ३०० मिलिमीटरपेक्षा उंच होऊ द्यायचा नाही. ओल्या विटांचे वजन अंदाजापेक्षा जास्त असते आणि हे तळ जुने आहेत.

दुसरा व पहिला मजला याच रीतीने उतरतील. सामाईक भिंत शेजारच्या अभियंत्याच्या लेखी संमतीनंतरच छाटली जाईल. जोत्यापर्यंत आल्यावर छोटे एक्सकॅव्हेटर आत येईल, त्याआधी नाही.

४. प्रवेशबंद क्षेत्र आणि रस्ता

इमारतीसमोर २ मीटर पदपथ आणि १२ मीटर रस्ता आहे. म्हणजे भिंत सपाट बाहेर पडली तर ती थेट पलीकडच्या पदपथाच्या कडेला पोहोचते. त्यामुळे बांधणी व टेकू पूर्ण होईपर्यंतचे दोन दिवस रस्ता पूर्ण बंद राहील. त्यानंतर दर्शनी भिंतीवर हात लावायचे काम फक्त दुपारी १२ ते ३.३० या वेळेत, दोन्ही पदपथांसह संपूर्ण रस्ता बंद ठेवून होईल. पुढचा अर्धा तास सुटे तुकडे तपासण्यासाठी आहे. पर्यवेक्षकाने सही केल्यावर ४ वाजता पलीकडची ६ मीटर मार्गिका उघडेल.

भिंत ७ मीटरवर आली की पदपथ आणि त्यापुढील ५ मीटर रस्ता एवढेच क्षेत्र बंद राहील, ३.५ मीटरवर आली की पदपथ आणि दीड मीटर. प्रत्येक वेळी क्षेत्र कमी करण्याआधी अभियंता मोजमाप करून नोंदवहीत लिहील. तोंडी निरोपावर बॅरिकेड हलणार नाही. दोन्ही टोकांना शिट्टी आणि लाल झेंडा घेतलेला माणूस राहील, आणि शाळा सुटण्याच्या वेळी, म्हणजे १२.३० च्या सुमारास, गल्लीच्या तोंडाशी आणखी एक.

ताशी ४० किलोमीटरपेक्षा जोरात वारा सुटल्यास किंवा मुसळधार पाऊस आल्यास उंचावरील काम थांबेल. गणेशोत्सवापूर्वी भिंत पहिल्या मजल्याखाली आणण्याचा आमचा प्रयत्न आहे. परंतु तसे होत नसेल तर घाई न करता बांधणी तशीच ठेवून मिरवणुकीचा मार्ग बदलण्याची विनंती केली जाईल.

५. धूळनियंत्रण

इमारत वरपासून खालपर्यंत ओल्या ताडपत्रीने आणि हिरव्या कापडाने झाकली जाईल, हद्दीवर २५ फूट उंच पत्रे असतील. पाणी मात्र जपून वापरायचे आहे. चुन्याची भिंत भिजली की जड होते आणि तिची पकड सुटते, म्हणून पाइपची धार भिंतीवर मारणे बंद. तुटणाऱ्या जागेवर तुषारनळीने धुके मारायचे आणि पडलेला डेब्रिज मात्र भरपूर ओला करायचा. डेब्रिज बंदिस्त उतरणीतूनच खाली येईल आणि उतरणीच्या तोंडाशी ओले गोणपाट लोंबत राहील.

दोन ठिकाणी धूलिकण मापक ठेवले जातील : शेजारच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत आणि पलीकडच्या पदपथावर. काम सुरू होण्याआधीच्या पातळीपेक्षा पंधरा मिनिटांची सरासरी घनमीटरला १५० मायक्रोग्रॅमने वाढली, तर काम थांबवून फवारणी वाढवली जाईल. कोरडा झाडू वापरायचा नाही. ट्रक ताडपत्रीने बांधून, चाके धुऊन, सकाळी ७ ते १० च्या गर्दीच्या वेळा टाळून निघतील. गाळाचे पाणी गोणींच्या बांधाने अडवून निवळल्यावरच गटारात सोडले जाईल. कामगारांना एन-९५ मुखपट्टी आणि बंद चष्मा सक्तीचा. चुना डोळ्यात गेल्यास धुण्यासाठी स्वच्छ पाण्याच्या बाटल्या प्रत्येक मजल्यावर असतील.

६. आपत्कालीन व्यवस्था

तीन लांब शिट्ट्या म्हणजे सर्वांनी मागच्या गल्लीतून बाहेर पडून मुकादमाकडे हजेरी देणे. पुढचे दार सुटकेसाठी वापरायचे नाही, कारण ते झुकलेल्या भिंतीखाली आहे. हजेरीत माणूस कमी भरल्यास आत कोणीही एकट्याने शिरणार नाही. अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८ आणि महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६ यांना तत्काळ कळवले जाईल, आणि जखमीस नायर रुग्णालयात नेले जाईल.