शिरोलीतील एका फाउंड्रीची मूल्यसाखळी आणि गाभाक्षमता: स्पर्धात्मक फायदा नेमका कुठे आहे?

एमबीए, दुसरे वर्ष. विषय: स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट

कंपनी आणि प्रश्न

ही फाउंड्री कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत 1981 पासून चालू आहे. मालकांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही. महिन्याला सुमारे 280 टन ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांची कास्टिंग्ज, 92 कामगार, दोन इंडक्शन भट्ट्या. माल पंप, व्हॉल्व्ह आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांना जातो. मी तीन आठवडे तिथे रोज जात होतो. पुढचे आकडे कंपनीच्या गेल्या वर्षीच्या कॉस्टशीटवरून काढले आहेत.

पहिल्याच दिवशी मालकांना विचारले, "पार्टी तुमच्याकडेच का येते?" ते म्हणाले, "क्वालिटी, रेट आणि संबंध." हेच उत्तर गोकुळ शिरगावातल्या किंवा कागलच्या कुठल्याही फाउंड्रीत मिळाले असते. सगळे जे सांगतात तो कुणा एकाचा फायदा असू शकत नाही. म्हणून साखळीतली एकेक कडी उघडून बघितली.

मूल्यसाखळी

मायकेल पोर्टर यांनी 1985 मध्ये मांडलेल्या चौकटीत पाच मुख्य आणि चार साहाय्यक कामे असतात. इथे त्यातली बरीच लवकर निकालात निघतात. पिग आयर्न आणि स्क्रॅप सगळ्या शिरोलीला त्याच मोजक्या व्यापाऱ्यांकडून, जवळपास त्याच भावात मिळते. विजेचा दर सर्वांना सारखा. भट्ट्या पैसे असले की कुणीही आणू शकतो. वाहतूक भाड्याच्या टेम्पोने. विक्री म्हणजे मालकांचा फोन आणि वर्षातून दोन प्रदर्शने. विक्रीनंतरची सेवा म्हणजे नापास माल परत घेऊन त्याची नोट काढणे.

फरक पडतो तो मोल्डिंगच्या आधी, कोअरमध्ये. कोअर म्हणजे नगाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा तुकडा. माल दोन प्रकारचा आहे: साधा, म्हणजे ज्यात कोअर नाही किंवा एखादाच आहे, आणि कोअरचा, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी किंवा हायड्रॉलिक हाऊसिंगसारखा आतून वळणावळणाचा पोकळ माल. कंपनीची कॉस्टशीट दोन्हींची सरासरी दाखवते. मी ती वेगळी केली (रुपये प्रति किलो):

| बाब | साधा माल | कोअरचा माल |
|---|---|---|
| धातू | 52 | 52 |
| वीज | 11 | 11 |
| वाळू, रेझिन, कोअर | 5 | 16 |
| मजुरी | 12 | 18 |
| फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग | 4 | 6 |
| रिजेक्शन, दुरुस्ती | 5 | 3 |
| वाहतूक | 2 | 2 |
| कार्यालय, व्याज, घसारा | 11 | 11 |
| एकूण खर्च | 102 | 119 |
| विक्रीचा भाव | 98 | 138 |

वजनाने साधा माल 65 टक्के, कोअरचा 35. सरासरी भाव 112, सरासरी खर्च सुमारे 108. किलोमागे चार रुपये सुटतात म्हणून धंदा बरा चाललाय असे वाटते. प्रत्यक्षात साधा माल किलोला चार रुपये खातो आणि कोअरचा माल 19 रुपये देतो.

मला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकले ते रिजेक्शनच्या ओळीने. अवघड मालात रिजेक्शन कमी कसे? कारण शॉपवर दिसले. कोअर किंचित सरकला तरी भिंत एका बाजूला पातळ होते, कोअरमधला गॅस बाहेर पडायला वाट नसेल तर ब्लो होल, म्हणजे धातूत गॅसची छिद्रे, येतात. म्हणून त्या मालावर सगळ्यांचे डोळे असतात. साधा माल ठेकेदाराची माणसे ओततात आणि तिकडे कुणी फारसे बघत नाही.

गाभाक्षमतेची चाचणी

गाभाक्षमता, म्हणजे कोअर कॉम्पिटन्स, ओळखायला सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी 1990 मध्ये तीन कसोट्या दिल्या: क्षमता अनेक बाजारांची दारे उघडते का, ग्राहकाला जाणवणाऱ्या लाभात तिचा मोठा वाटा आहे का, आणि स्पर्धकाला तिची नक्कल अवघड जाते का.

भट्टी आणि मोल्डिंग लाइन तिसऱ्या कसोटीला नापास. "संबंध" पहिल्याला नापास, कारण ते त्या त्या पार्टीपुरते असतात. उरतो तो कोअर शॉप. (फाउंड्रीतल्या माणसाला गाभाक्षमता समजावताना मी "कोअर" म्हणालो तेव्हा त्याने थेट शेल कोअर मशीनकडे बोट दाखवले. तेव्हा हसलो होतो, पण तो बरोबर निघाला.)

मात्र क्षमता मशीनमध्ये नाही. ती तीन गोष्टींच्या जोडणीत आहे. ड्रॉइंग आले की पॅटर्नचे मिस्त्री आणि मालकांची इंजिनिअर मुलगी मिळून वितळलेला धातू साच्यात नेणारे रनर आणि आकसणाऱ्या धातूची भर घालणारे रायझर कुठे ठेवायचे, कोअरचे तुकडे कसे पाडायचे ते ठरवतात; यालाच मेथडिंग म्हणतात. कोअर जोडणाऱ्या सात बायका गेज लावून प्रत्येक जोड तपासतात, आणि जोड पटला नाही तर साचा थांबवायचा अधिकार त्यांना आहे. आणि 2009 पासून नापास झालेल्या प्रत्येक नगाची नोंद एका वहीत आहे: दोष, कारण, काय बदलले. नवीन जॉब आला की आधी वही उघडतात.

पहिली कसोटी: हीच पद्धत पंप, व्हॉल्व्ह आणि ट्रॅक्टर या तिन्हींत चालते. दुसरी: दोन ग्राहकांच्या खरेदी अधिकाऱ्यांनी सांगितले की नवीन नगाचा सॅम्पल इथून चार-पाच आठवड्यांत पास होतो, इतरांकडून दुप्पट वेळ लागतो. तिसरी: 2019 मध्ये कोअर शॉपचा सुपरवायझर जास्त पगारावर दुसरीकडे गेला. इथले रिजेक्शन वाढले नाही, आणि तिकडचे त्याच्या जाण्याने फारसे उतरले नाही असे तो स्वतःच म्हणाला. ज्ञान एका माणसात असते तर ते त्याच्याबरोबर गेले असते. मिस्त्रींची गोष्ट वेगळी. ते 61 वर्षांचे आहेत आणि त्यांच्या डोक्यातले निम्मेही वहीत उतरलेले नाही.

फायदा आहे, पण वसूल होत नाही

फाउंड्री भाव किलोवर देते. कोअरचे काम पोकळी तयार करणे, आणि पोकळीला वजन नसते. म्हणजे कोअर जितका अवघड, तितका नग हलका आणि बिल लहान. कंपनीचे खरे कसब ज्या मापाने विकले जाते त्या मापात ते दिसतच नाही. 138 चा भाव मालकांनी घासाघीस करून मिळवला आहे, पण कोटेशन आजही किलोवरच.

साधा माल बंद करा, असे मी सुचवत नाही. त्यातले 11 रुपये कार्यालय, व्याज आणि घसाऱ्याचे आहेत, ते तो माल सोडला तरी राहणार. ते वजा केले तर साधा माल किलोला सात रुपये हातात देतो आणि भट्टी भरलेली ठेवतो. मात्र तिसरी भट्टी घेऊन हाच माल वाढवायचा जो विचार चालू आहे, तो चुकीचा वाटतो. तो पैसा कोअर शॉपमध्ये आणि मिस्त्रींच्या हाताखाली दोन मुले तयार करण्यात जावा. कोटेशन दोन भागांत असावे: धातूचा भाव किलोवर, कोअर आणि मेथडिंगचा भाव नगावर.

हे मालकांना दाखवले. "पार्टी ऐकणार नाही," ते म्हणाले. मग कॉस्टशीट पुन्हा एकदा वाचून, पुढच्या महिन्यात येणाऱ्या एका नवीन व्हॉल्व्ह बॉडीचे कोटेशन तसे करून बघायला तयार झाले.