वॉशिंग मशीनच्या पाण्याबाबत वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना पत्र

डोंबिवली पूर्व
12 जून 2025

ती. कुलकर्णी काका आणि काकू,
सा. न. वि. वि.

तुमचं मशीन पाणी सोडतं तेव्हा दुसऱ्या मजल्यावर 203 आणि 204 च्या सामाईक गॅलरीतल्या जाळीतून फेसाळ पाणी वर येतं. गेल्या दोन आठवड्यांत असं पाच वेळा झालं. 203 मधल्या आजी काठी घेऊन तिथूनच ये-जा करतात. साबणाच्या पाण्यावरून त्यांचा पाय सरकेल याची भीती वाटते, म्हणून लिहीत आहोत.

दोष तुमच्या मशीनचा नाही. तुमच्या नहाणीचं पाणी आणि आमच्या गॅलरीचं पाणी एकाच उभ्या पाइपात जातं. आमच्या जाळीत बादलीभर पाणी हळूहळू ओतलं तर ते निघून जातं. भराभर ओतलं की तुंबतं. म्हणजे पाइप पूर्ण बंद नाही, आमच्या मजल्याच्या खाली कुठेतरी कपड्यांचे तंतू आणि साबणाचा गाळ बसून अरुंद झाला आहे. मशीनचा पंप मिनिटाला साधारण 15-20 लिटर पाणी ढकलतो. तेवढं खाली जात नाही, मग ते सगळ्यात जवळच्या तोंडातून, म्हणजे आमच्या जाळीतून, बाहेर येतं. गच्चीचं पावसाचं पाणीही याच पाइपात उतरतं, त्यामुळे मोठा पाऊस लागण्याआधी काम झालेलं बरं.

रविवारी 15 तारखेला सकाळी 10 वाजता प्लंबरला बोलावलं आहे. तो आमच्या ट्रॅपमधून स्प्रिंग घालून खालपर्यंत पाइप मोकळा करेल. खर्च तीन घरांत सारखा वाटून घेऊ. काम झाल्यावर तुम्ही एकदा मशीनचं पाणी सोडलंत तर तो असतानाच खात्री होईल. ॲसिड मात्र कुणीच ओतू नये. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट त्याने खाल्लं जातं.

गाळ पुन्हा साचू नये म्हणून मशीनच्या नळीच्या तोंडाला तंतू अडवणारी बारीक जाळीची पिशवी बांधावी, ही विनंती. ती दर धुण्यानंतर झटकावी लागते. गच्च भरली तर पाणी अडतं आणि पंपावर ताण येतो. मशीनला खाली फिल्टर असेल तर तोही महिन्यातून एकदा काढून धुवावा. आधी प्लग काढून खाली परात ठेवावी, कारण उघडताना पाणी येतं. फेस फार येत असेल तर पावडर निम्मी करून पाहा. जास्त पावडरीने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत, पाइपात गाळ मात्र वाढतो.

रविवारपर्यंत मशीन लावण्याआधी फक्त खाली हाक मारा किंवा फोन करा. आम्ही आजींना थांबवू आणि गॅलरी लगेच पुसून घेऊ. रविवारची वेळ गैरसोयीची असेल तर सांगा, प्लंबरला संध्याकाळी बोलावता येईल.

आपले,
वैशाली आणि सचिन
204, दुसरा मजला